४४ दोऱ्यांचा दृष्टिमार्ग: रेटिनापासून कॉर्टेक्सपर्यंतच्या मॉडेलच्या नोंदी

नोंद १, ६ जानेवारी. आराखडा आणि सामान

काम असं: डोळ्याच्या रेटिनापासून मेंदूच्या कॉर्टेक्सपर्यंतचा दृष्टिमार्ग पाटावर दोऱ्यांनी उभा करायचा. मार्गात कुठेही चिमटा लावला की रुग्णाच्या दृष्टिक्षेत्राचा कोणता भाग जाईल ते दोऱ्यांवरूनच कळलं पाहिजे, पाठांतरावरून नव्हे.

पाट म्हणून ३ फूट बाय २ फूट, १२ मिमी जाडीचा एमडीएफ घेतला (४८० रुपये). क्रोशाचा सुती दोरा चार रंगांत (२०० रुपये), लहान स्क्रू-हुक ९० (२७० रुपये), कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड आणि झेंड्यांसाठी मास्किंग टेप. माप खऱ्याच्या चौपट ठरवलं. ऑप्टिक नर्व्ह साधारण ५ सेंमी असते, म्हणून पाटावर २० सेंमी.

रंग रेटिनाच्या भागांना द्यायचे की दृष्टिक्षेत्राच्या, हा पहिला निर्णय. आम्ही क्षेत्राला दिले. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरचं क्षेत्र रेटिनाच्या खालच्या अर्ध्यावर आणि उजवं क्षेत्र दोन्ही रेटिनांच्या डाव्या अर्ध्यावर येतं. रंग रेटिनाला दिले तर प्रत्येक वेळी मनात दोनदा उलटापालट करावी लागते आणि तिथेच चूक होते. उजवं-वरचं क्षेत्र लाल, उजवं-खालचं निळं, डावं-वरचं पिवळं, डावं-खालचं हिरवं. उजव्या डोळ्याचा दोरा दुपदरी, डाव्याचा एकपदरी. एवढी एक खूण पुरते.

प्रत्येक चतुर्थांशात केंद्रापासून १, ४, १०, २५ आणि ५० अंशांवर एकेक बिंदू धरला. कानाकडच्या बाजूला ७५ अंशांवर आणखी एक, कारण एका डोळ्याचं क्षेत्र कानाकडे ९० अंशांपर्यंत जातं, नाकाकडे जेमतेम ६० पर्यंत. सगळे बिंदू आडव्या रेषेच्या २० अंश वर किंवा खाली जाणाऱ्या किरणावर घेतले. म्हणजे डोळ्यामागे २२ दोरे, दोन्ही मिळून ४४.

नोंद २, ९ जानेवारी. चुकीच्या रेषेवर फाळणी

आज मोठी चूक झाली आणि १२ दोरे उसवावे लागले.

दोन्ही ऑप्टिक नर्व्ह जिथे भेटतात त्या कायझममध्ये नाकाकडच्या रेटिनाचे तंतू ओलांडून पलीकडे जातात, कानाकडचे त्याच बाजूला राहतात, हे सगळ्यांना पाठ असतं. नाकाकडचा अर्धा कुठे सुरू होतो, हा प्रश्न मात्र पाठांतरात येत नाही. आम्ही रेटिनाचं वर्तुळ काढलं, ऑप्टिक डिस्क, म्हणजे नर्व्ह डोळ्यातून बाहेर पडते ती जागा, मधोमध ठेवली (चित्रात ती ठळक दिसते म्हणून) आणि तिच्यातूनच उभी रेषा मारली.

मग कायझमच्या मध्यावर उभा चिमटा लावून पाहिलं. दोन्ही बाजूंची कानाकडची क्षेत्रं गेली, पण केंद्रापासून १० अंशांपर्यंतचे सगळे बिंदू वाचले. खऱ्या रुग्णात असं होत नाही. कायझमच्या मध्यावर दाब आला की नुकसानाची कड थेट टक लावलेल्या बिंदूतून जाणाऱ्या उभ्या रेषेवर येते.

कारण सरळ आहे. फाळणीची रेषा फोवियातून, म्हणजे टक लावलेला बिंदू रेटिनावर जिथे पडतो तिथून जाते, डिस्कमधून नाही. डिस्क फोवियाच्या नाकाकडे आहे आणि क्षेत्रात तिचा ब्लाइंड स्पॉट केंद्रापासून कानाकडे सुमारे १५ अंशांवर पडतो. फोविया आणि डिस्क यांच्या मधल्या पट्ट्यातले तंतूही ओलांडणारेच आहेत. आमच्या पाटावर त्या पट्ट्यात १, ४ आणि १० अंशांचे बिंदू होते, वर तीन, खाली तीन, दोन डोळ्यांचे मिळून १२. ते सगळे चुकीच्या बाजूला राहिले होते.

दुरुस्तीनंतर प्रत्येक डोळ्यातून १२ दोरे ओलांडतात, १० राहतात, म्हणजे साधारण ५५ ला ४५. खऱ्या नर्व्हमध्ये हे प्रमाण ५३ ला ४७ सांगितलं जातं. बिंदू निवडताना ते डोक्यात नव्हतं, पण जुळलेलं बघून बरं वाटलं. वेळ गेला अडीच तास.

हेच मॉडेल करणाऱ्यांना एक सूचना: डिस्क आधी काढूच नका. आधी फोविया, त्यातून उभी आणि आडवी रेषा, आणि सर्वांत शेवटी डिस्क.

नोंद ३, ११ जानेवारी. दोरे अडकतात

कोणता दोरा वाचला ते बघायची पद्धत अशी ठरवली: दोऱ्याचं डोळ्याकडचं टोक रबरबँडला बांधलेलं, त्यावर क्रमांकाचा झेंडा. कॉर्टेक्सकडून दोरा हलकेच ओढायचा. झेंडा हलला तर तंतू शाबूत, नाही हलला तर चिमट्यात सापडलेला.

पण कायझममध्ये २४ दोरे एकमेकांवरून जातात. सुती दोरे घासून अडकत होते, त्यामुळे चिमटा नसतानाही सात झेंडे हलेनात. दोऱ्यांना मेणबत्तीचं मेण चोळलं आणि हुकांची तोंडं पक्कडीने थोडी उघडली, मग दोरे सुटे झाले. चिमटा लावायच्या आधी सगळे ४४ झेंडे हलतात का ते दर वेळी तपासायचं, हा आता नियम आहे.

नोंद ४, १४ जानेवारी. सपाट पाटावर कायझम खोटा ठरतो

पिट्युटरीच्या गाठीचा अंदाज चुकला. पिट्युटरी ग्रंथी कायझमच्या खाली असते. गाठ वर वाढत गेली की आधी कानाकडचं वरचं क्षेत्र जातं, मग खालचं. आमच्या पाटावर मात्र दोन्ही एकदमच जात होते, कारण चिमट्याला वरचं-खालचं कळतच नव्हतं.

कायझममध्ये दोन उंचीचे हुक लावले. रेटिनाच्या खालच्या, नाकाकडच्या भागातले तंतू कायझममध्ये खाली आणि पुढे असतात. ते क्षेत्राच्या वरच्या, कानाकडच्या भागाचे. म्हणून उजव्या डोळ्याचे लाल आणि डाव्याचे पिवळे ओलांडणारे दोरे ८ मिमी उंचीवर, उजव्याचे निळे आणि डाव्याचे हिरवे २० मिमी उंचीवर. कायझमखाली पाटाला ३० मिमीचं भोक पाडून खालून रबरी चेंडू वर ढकलला. आता आधी लाल-पिवळे ताणले जातात आणि नंतर निळे-हिरवे. वरून दाब दिला तर क्रम उलटतो. क्रेनिओफॅरिंजिओमा या गाठीत बऱ्याचदा खालचं क्षेत्र आधी जातं, ते असंच.

उंचीच्या दिशेला मात्र चौपट माप पाळलेलं नाही. खरा कायझम पिट्युटरीच्या खोबणीपासून साधारण १ सेंमी वर असतो, म्हणून अगदी छोटी गाठ त्याला टेकतच नाही आणि क्षेत्र पूर्ण राहतं. पाटावर तेवढी पोकळी दाखवायला ४० मिमी उंची लागली असती आणि दोरे घसरले असते. चेंडू वर ढकलताना पहिला काही भाग रिकामाच जातो असं समजून चालायचं.

नर्व्ह आणि कायझम जिथे भेटतात तिथे आणखी एक अडचण आहे. पलीकडच्या डोळ्याचे खालचे नाकाकडचे तंतू ओलांडल्यावर या बाजूच्या नर्व्हमध्ये थोडं पुढे वळसा घेतात, असं विल्ब्रांटने १९०४ मध्ये मांडलं. १९९७ मध्ये हॉर्टनने माकडांवरच्या कामातून दाखवलं की निरोगी कायझममध्ये तो वळसा सापडत नाही. एक डोळा काढून बराच काळ गेला की नर्व्ह आक्रसते आणि तंतू तिकडे ओढले जाऊन वळसा दिसू लागतो. म्हणून आमचा वळसा सुट्या हुकावर आहे, हवा तर काढता येतो. तरी त्या जागी चिमटा लावताना एका डोळ्याचं केंद्र आणि दुसऱ्या डोळ्याचं वरचं कानाकडचं क्षेत्र, अशी जोडी अपेक्षित धरायचीच. वळसा असो वा नसो, रुग्णात ती जोडी दिसते, कारण दाब नर्व्हपाशी थांबत नाही, शेजारच्या कायझमच्या पुढच्या कडेलाही लागतो. एका डोळ्याची तक्रार असली तरी दुसऱ्या डोळ्याचंही क्षेत्र तपासायचं, ते यासाठी.

नोंद ५, १८ जानेवारी. ट्रॅक्टमध्ये घाईने जोड्या लावल्या

कायझमच्या मागे ऑप्टिक ट्रॅक्ट. डाव्या ट्रॅक्टमध्ये फक्त उजवं क्षेत्र येतं: उजव्या डोळ्याचे ओलांडलेले १२ दोरे आणि डाव्या डोळ्याचे १०. पाट नीटनेटका दिसावा म्हणून आम्ही एकाच बिंदूचे दोन डोळ्यांचे दोरे इथूनच जोडीने नेले. ४ अंशांचा दुपदरी लाल आणि ४ अंशांचा एकपदरी लाल शेजारी शेजारी, आणि तसेच थेट कॉर्टेक्सपर्यंत.

परिणाम असा की चिमटा कुठेही लावा, दोन्ही डोळ्यांचं नुकसान ठशासारखं एकसारखं येत होतं. खरं चित्र वेगळं आहे. ट्रॅक्टच्या अर्धवट इजेत दोन डोळ्यांचे आकार जुळत नाहीत, एकाचं नुकसान मोठं, दुसऱ्याचं लहान. मागे जावं तसे ते जुळत जातात आणि कॉर्टेक्समध्ये जवळजवळ तंतोतंत जुळतात. जखम किती मागे आहे हे ओळखायची ही मुख्य खूण, आणि आम्ही ती व्यवस्थितपणाच्या नादात पुसून टाकली होती.

ट्रॅक्टचे सगळे दोरे काढून पुन्हा लावले. आता ट्रॅक्टमध्ये दोन डोळ्यांचे गट एकमेकांवरून सरकलेले आहेत: उजव्या डोळ्याचा ४ अंशांचा दोरा डाव्याच्या १० किंवा २५ अंशांच्या दोऱ्याशेजारी येतो. पुढे कॉर्टेक्सकडे जाणाऱ्या रेडिएशनमध्ये हे अंतर कमी होत जातं आणि कॉर्टेक्सच्या पट्टीवर शून्य होतं. किती सरकवायचं ते अंदाजाने ठरवलेलं आहे, मोजलेलं नाही. म्हणून मॉडेल ‘जुळत नाही’ एवढंच सांगू शकतं, ‘किती जुळत नाही’ ते नाही.

मधला थांबा एलजीएन, म्हणजे मेंदूतला लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लिअस. इथे पुठ्ठ्याच्या सहा पट्ट्या लावल्या. पलीकडच्या डोळ्याचे दोरे १, ४ आणि ६ या थरांत, याच बाजूच्या डोळ्याचे २, ३ आणि ५ मध्ये. थर वेगळे असले तरी त्यांच्यातले नकाशे एकावर एक बसतात, म्हणून एलजीएनची इजा नीट जुळणारीही असू शकते. ‘पुढे न जुळणारी, मागे जुळणारी’ हा नियम इथे डोळे झाकून लावू नये.

बाहुलीचे तंतू एलजीएनच्या आधीच वेगळे होऊन मिडब्रेनकडे जातात. त्यासाठी पांढरे चार दोरे ट्रॅक्टच्या शेवटी फाट्यावर नेले. नंतर त्यांचा फार उपयोग झाला.

नोंद ६, २१ जानेवारी. मायर्स लूप आणि उलटा एमआरआय

एलजीएनमधून निघालेले वरच्या क्षेत्राचे दोरे (लाल, पिवळे) टेम्पोरल लोबमध्ये आधी पुढे जातात आणि वळून मागे येतात, हाच मायर्स लूप. खालच्या क्षेत्राचे (निळे, हिरवे) पराइटल लोबमधून सरळ मागे. पहिल्यांदा सगळेच दोरे पुढे वळवले होते, ते अर्ध्या तासात सुधारलं. आता टेम्पोरल भागात चिमटा लावला की विरुद्ध बाजूच्या क्षेत्राचा वरचा चतुर्थांश जातो.

इथे मॉडेल कमी पडतं. टेम्पोरल लोबचं पुढचं टोक शस्त्रक्रियेत काढलं की उभ्या रेषेला चिकटलेली पाचर आधी जाते. आमचे सगळे बिंदू आडव्या रेषेपासून २० अंशांवर आहेत, त्यामुळे ती पाचर दिसणारच नाही. दुसऱ्या पाटावर प्रत्येक चतुर्थांशात किमान तीन किरणं घ्यावीत.

उरलेला दिवस एका साध्या गोंधळात गेला. एमआरआयच्या चित्रावरून जखमेची जागा पाटावर मांडत होतो आणि अंदाज सतत दुसऱ्या बाजूला येत होता. मेंदूचा आडवा छेद पायाकडून बघितल्यासारखा छापतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे असते. आमचा पाट डोक्यावरून बघितलेला आहे आणि फील्ड चार्ट रुग्णाला दिसतं तसा. तिन्हींवर आता मोठ्या अक्षरांत ‘रुग्णाचं उजवं’ लिहून बाण काढला आहे.

नोंद ७, २५ जानेवारी. कॉर्टेक्सची पट्टी

कॉर्टेक्समधल्या कॅल्करिन खाचेच्या वरच्या काठावर खालचं क्षेत्र, खालच्या काठावर वरचं. मेंदूच्या मागच्या टोकाला केंद्र आणि पुढे जावं तसा परीघ. पट्टी ३३ सेंमी लांब केली (खरी सुमारे ८३ मिमी) आणि ० ते ९० अंश समान अंतराने आखले.

मागच्या टोकाला खऱ्या मापाने १ सेंमी जखम धरली, तर पट्टीने केंद्राचे जवळजवळ ११ अंश गेले असं सांगितलं. हे साफ चूक. कॉर्टेक्स केंद्राला प्रचंड जागा देतो आणि परिघाला चिमूटभर. जपानी नेत्रतज्ज्ञ इनोये यांनी रशिया-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांवरून १९०९ मध्ये, आणि होम्स यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमींवरून १९१८ मध्ये हा नकाशा मांडला. होम्सच्या नकाशात केंद्राला मिळालेली जागाही कमीच होती. १९९१ मध्ये हॉर्टन आणि हॉइट यांनी एमआरआयच्या आधारे ती वाढवली. त्यांचं सूत्र घेऊन मागच्या टोकापासूनचं अंतर काढलं:

```
M = 17.3 / (E + 0.75)              # mm per degree
D = 17.3 * ln((E + 0.75) / 0.75)   # mm
```

E म्हणजे केंद्रापासूनचे अंश, D म्हणजे मागच्या टोकापासून मिमी. आमच्या बिंदूंसाठी: १ अंश १४.७ मिमीवर, ४ अंश ३१.९ वर, १० अंश ४६.१ वर, २५ अंश ६१.२ वर, ५० अंश ७२.९ वर, ७५ अंश ७९.८ वर. पट्टीवर हे सगळं चौपट करून खुणा केल्या.

आता तीच १ सेंमीची जखम टोकाला फक्त ०.६ अंश खाते. तीच पट्टीच्या पुढच्या कडेला सरकवली, तर ५० ते ९० अंशांचा सगळा पट्टा जातो. सूत्र सरासरी माणसाचं आहे. कॅल्करिन कॉर्टेक्सचा आकार माणसागणिक बराच बदलतो, म्हणून मिलिमीटरच्या दशांशावर विसंबू नये.

नोंद ८, २८ जानेवारी. एक प्रकरण शेवटपर्यंत

चाचणीसाठी ठरवलेली जखम: डाव्या कॅल्करिन खाचेचे दोन्ही काठ, मागच्या टोकापासून २५ मिमीवर सुरू, ७६ मिमीवर संपलेली. पोस्टेरिअर सेरेब्रल धमनी बंद पडली तर असं होऊ शकतं. मागच्या टोकाला बऱ्याच जणांत मधल्या सेरेब्रल धमनीकडूनही रक्त मिळतं, त्यामुळे ते टोक वाचतं.

डाव्या गोलार्धात येणारे दोरे २२. चिमट्यात सापडले १६: ४, १०, २५ आणि ५० अंशांचे लाल-निळे, दोन्ही डोळ्यांचे. वाचले सहा: १ अंशाचे चार, आणि ७५ अंशांचे दोन, जे फक्त उजव्या डोळ्याचे. सूत्राने २५ मिमी म्हणजे २.४ अंश आणि ७६ मिमी म्हणजे ६० अंश. अंदाज असा: उजवीकडचा होमोनिमस हेमियानोपिया, म्हणजे दोन्ही डोळ्यांत क्षेत्राचा उजवा अर्धा गेलेला, दोन्हींत सारखा, केंद्राचे जवळजवळ अडीच अंश शाबूत, आणि उजव्या डोळ्याच्या अगदी बाहेरच्या कडेला ६० अंशांपलीकडे चंद्रकोरीसारखी पट्टी शाबूत. डाव्या डोळ्याला तेवढ्या दूर नाकाकडे दिसतच नाही, म्हणून कोर एकाच डोळ्याची.

मग हा अंदाज दृष्टिक्षेत्राच्या नेहमीच्या २४-२ चाचणीच्या कोऱ्या चार्टवर उतरवला, आणि उजवा अर्धा पूर्ण काळा झाला. वाचलेलं काहीच दिसेना. मॉडेलमध्ये चूक शोधण्यात तासभर गेला, पण चूक चार्टच्या निवडीत होती. २४-२ मध्ये बिंदू ६ अंशांच्या अंतराने असतात आणि केंद्राजवळचे चार ३ अंश आडवे, ३ अंश उभे, म्हणजे केंद्रापासून ४.२ अंशांवर. सूत्राने ४.२ अंश म्हणजे मागच्या टोकापासून जवळजवळ ३३ मिमी. एवढ्या कॉर्टेक्सवर ही चाचणी फोवियाचा एकच बिंदू मोजते, तोही चालू केला तरच. कानाकडे ती २४ अंशांच्या आसपास थांबते, त्यामुळे चंद्रकोरही तिच्या कक्षेबाहेर.

१०-२ चा चार्ट घेतला. त्यात २ अंशांची जाळी आहे आणि सर्वांत आतले बिंदू केंद्रापासून १.४ अंशांवर. उजव्या अर्ध्यात तसे प्रत्येक डोळ्याला दोन. तेच वाचले. त्यांच्या लगतचे ३.२ अंशांवर आहेत, ते गेले. कोर बघायला मात्र ९० अंशांपर्यंत जाणारी, हलत्या ठिपक्याची गोल्डमन चाचणीच हवी.

वाचलेले अडीच अंश कागदावर नगण्य दिसतात, पण देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतात आणि नजर ज्या अक्षरावर टेकली त्याच्या उजवीकडचे हे अडीच अंशच पुढचं अक्षर दाखवतात. ते नसते तर प्रत्येक शब्दाचा शेवट शोधावा लागला असता.

नोंद ९, ३० जानेवारी. तोच चार्ट, दुसरी जखम

शेवटची चाचणी: डावा ट्रॅक्ट पूर्ण कापला. २२ च्या २२ दोरे गेले. २४-२ च्या चार्टवर हे आणि कालपरवाचं प्रकरण एकसारखं, उजवा अर्धा काळा. पूर्ण हेमियानोपियात आकार जुळतात की नाही हा प्रश्नच उरत नाही, म्हणून नोंद ५ मधली खूण इथे कामाची नाही.

फरक पांढऱ्या दोऱ्यांनी दाखवला. ट्रॅक्टमध्ये चिमटा लावला की बाहुलीचे दोरेही सापडतात. उजव्या डोळ्याचे ओलांडलेले तंतू जास्त असल्याने त्याचं नुकसान थोडं जास्त, म्हणून विजेरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आलटून पालटून फिरवली की उजवी बाहुली किंचित पसरते. कॉर्टेक्सच्या जखमेत पांढरे दोरे सगळे हलतात, बाहुल्या नेहमीसारख्या. शिवाय ट्रॅक्टच्या इजेनंतर काही आठवड्यांत उजव्या डिस्कवर आडवा फिकट पट्टा दिसू लागतो, कारण त्या डोळ्यात फोवियाच्या नाकाकडचेच तंतू सुकतात आणि ते डिस्कमध्ये दोन्ही आडव्या बाजूंनी शिरतात. फाळणी फोवियातून धरली नसती तर हा पट्टा मॉडेलवरून सांगताच आला नसता.

एकूण खर्च १,१८० रुपये, त्यातले २३० वाया गेलेल्या दोऱ्यांचे आणि मोडलेल्या हुकांचे. वेळ ३१ तास, त्यातले नऊ उसवण्यात. दुसऱ्या पाटासाठी यादी: चतुर्थांशात तीन किरणं, ट्रॅक्टचे हुक सरकवता येतील अशा खाचा, आणि सुती ऐवजी मेण लावलेला नायलॉन दोरा.